‘माल मिळालाच नाही’ म्हणणाऱ्या चार्जबॅकला उत्तर: एका पानाचा सारांश कसा लिहावा

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या वहिनींचा फोन आला. त्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या घरूनच महेश्वरी साड्या ऑनलाइन विकतात. महेश्वर इंदूरहून शंभर किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे त्या महिन्यातून दोनदा तिथल्या विणकरांकडे स्वतः जातात आणि साड्या निवडून आणतात. मी इथल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब बघतो. फोनवर त्यांचा आवाज अगदी उतरलेला होता. ‘भाऊजी, गेटवेवाल्यांनी माझे तेरा हजार चारशे पन्नास रुपये कापले. पुण्याची बाई म्हणते साड्या मिळाल्याच नाहीत. मिळाल्यात हो तिला, माझ्याशी बोललीय ती!’

त्या प्रकरणात आम्ही जे केलं ते इथे सविस्तर लिहितो. इंदूरहून, ग्वाल्हेरहून, बडोद्याहून माल बाहेर पाठवणाऱ्या कितीतरी मराठी घरांवर ही वेळ येते आणि खरा माणूस केवळ कागद नीट न लावल्यामुळे हरतो. ग्राहक ओळखू येऊ नये म्हणून तारखा, रकमा आणि क्रमांक बदलले आहेत. बाकी क्रम जसा घडला तसाच आहे.

आधी चार्जबॅक म्हणजे काय ते थोडक्यात. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले आणि नंतर त्याच्या बँकेकडे तक्रार केली, की बँक ती तक्रार कार्डाच्या नेटवर्कमार्फत, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत, दुकानदाराच्या बँकेकडे पाठवते. तिथून ती पेमेंट गेटवेकडे, म्हणजे दुकानदारासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीकडे, आणि गेटवेकडून दुकानदाराकडे येते. रक्कम बहुतेक वेळा तेव्हाच दुकानदाराच्या पुढच्या सेटलमेंटमधून, म्हणजे गेटवे त्याच्या खात्यात जमा करणार असलेल्या पैशांतून, वळती होते किंवा अडकवून ठेवली जाते. तक्रारीसोबत एक कारण असतं आणि त्या कारणाला क्रमांक असतो. माल न मिळाल्याच्या तक्रारीला व्हिसामध्ये 13.1 हा क्रमांक आहे. मास्टरकार्डमध्ये ती 4853 या मोठ्या गटात मोडते. नोटिशीत हा क्रमांक सगळ्यात आधी बघायचा, कारण तुमच्या उत्तराने नेमक्या कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आहे ते तोच सांगतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. नेटवर्कच्या नियमात दुकानदाराच्या बँकेला उत्तरासाठी साधारण महिना-दीड महिना असतो. पण मधल्या प्रत्येकाला आपापल्या कामासाठी दिवस हवे असतात, म्हणून दुकानदाराच्या हातात आठवडाभर किंवा त्याहून थोडेच जास्त दिवस उरतात. वहिनींना ९ जानेवारीला ईमेल आला होता आणि उत्तराची शेवटची तारीख १६ होती. त्यांनी तो ईमेल १२ ला उघडला. मुदत टळली की तुमच्याकडे कितीही पक्का पुरावा असला तरी कोणी तो वाचत नाही. गप्प राहणं म्हणजे तक्रार मान्य करणं, असाच अर्थ घेतला जातो.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी उत्तर लिहून ठेवलं होतं. अकरा पानं. पहिल्या दोन पानांवर पत्र होतं, त्यात आपण किती वर्षं हा व्यवसाय करतो, आजवर एकही तक्रार नाही, आणि ही बाई खोटं बोलते असं लिहिलेलं. पुढे बिल, जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, वेबसाइटवरच्या अटी आणि शर्ती, साड्यांचे फोटो. सगळ्यात शेवटी कुरिअरच्या ट्रॅकिंग पानाचा स्क्रीनशॉट. ‘आणि मुख्य पुरावा हा बघा,’ त्या म्हणाल्या, ‘तिने ओटीपी टाकूनच पैसे भरलेत. आता कुठे पळणार?’

इथेच बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबतो. ओटीपी एवढंच सिद्ध करतो की पैसे कार्डधारकानेच भरले. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार असेल तर ओटीपीचा पुरावा फार मोलाचा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ही जास्तीची पडताळणी सक्तीची केली ती त्याच प्रकारच्या फसवणुकीसाठी. पण पुण्याच्या ग्राहकाने ‘पैसे मी भरले नाहीत’ असं कुठे म्हटलं होतं? तिचं म्हणणं होतं, पैसे भरले, माल आला नाही. म्हणजे ओटीपी दाखवून आपण तिचंच अर्धं म्हणणं सिद्ध करून देतो. बिलाचंही तसंच. बिल सांगतं की विक्री झाली. विक्री झाली हे तिलाही मान्य आहे.

13.1 मध्ये प्रश्न एकच असतो: ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या वेळेत, कार्डधारकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला माल मिळाला का? कागद निवडताना प्रत्येक कागदाला हाच प्रश्न विचारायचा. ज्याच्याकडे उत्तर नाही तो बाजूला ठेवायचा. वहिनींच्या अकरा पानांपैकी आठ पानं या एका प्रश्नाने बाजूला पडली. वहिनींना वाईट वाटलं, कारण त्यावर त्यांची रात्र गेली होती. पण बँकेत हे वाचणाऱ्या माणसासमोर दिवसभर अशी प्रकरणं येत असतात. तुमचा मुद्दा नवव्या पानावर असेल तर तो तिथपर्यंत पोचेल याची खात्री नाही.

मग राहिला ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट. तो मी वहिनींसमोर ठेवला आणि म्हटलं, ‘वहिनी, समजा तुम्ही बँकेतल्या बाई आहात. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. या पानावर काय दिसतं ते वाचा.’ त्यांनी वाचलं. वर एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजे कुरिअरच्या पावतीचा क्रमांक. खाली ‘पुणे’, १९ ऑक्टोबर, दुपारी १ वाजून २० मिनिटं, ‘डिलिव्हर्ड’, आणि घेणाऱ्याच्या जागी ‘सिक्युरिटी’. ‘नाव कुठेय तिचं?’ मी विचारलं. नव्हतं. पत्ता नव्हता, पिनकोड नव्हता. ऑर्डरचा क्रमांकही नव्हता.

त्या पानाने एवढंच सिद्ध होत होतं की कुठलं तरी एक पार्सल पुण्यात कुठल्या तरी पहारेकऱ्याला मिळालं. ते पार्सल याच ऑर्डरचं होतं, याच पत्त्यावर गेलं आणि तो पहारेकरी याच सोसायटीचा होता, हे वहिनींच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. जे आपल्याला रोजच्या सवयीने दिसतं ते परक्या माणसाला दिसत नाही.

त्यामुळे या कामाकडे मी साखळी म्हणून बघतो. कार्डाच्या पेमेंटपासून ग्राहकाच्या हातापर्यंत चार सांधे आहेत. पेमेंट आणि ऑर्डर, ऑर्डर आणि पार्सल, पार्सल आणि पत्ता, पत्ता आणि हात. प्रत्येक सांध्यावर असा एक कागद हवा ज्यावर दोन्ही बाजूंची खूण एकत्र दिसेल.

पेमेंट आणि ऑर्डरचा सांधा सोपा. गेटवेच्या डॅशबोर्डवर पेमेंट आयडी, रक्कम, तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात, आणि तिथेच ऑर्डर क्रमांकही असतो. तो एक स्क्रीनशॉट पुरतो.

ऑर्डर आणि पार्सलच्या सांध्यात पुष्कळांचं अडतं. कुरिअरकडे पार्सल देताना बिलावर एडब्ल्यूबी लिहायची सवय नसली, की नंतर ते पार्सल कोणत्या ऑर्डरचं हे दाखवायला काहीच उरत नाही. वहिनींच्या नशिबाने त्यांनी कुरिअरचं बुकिंग ज्या शिपिंग पॅनलवरून केलं होतं, तिथे ऑर्डर क्रमांक आणि एडब्ल्यूबी एकाच ओळीत होते. ते पान काढलं.

पार्सल आणि पत्त्याच्या सांध्यासाठी त्यांच्याकडे लेबलची फाइल होती. लेबलवर ग्राहकाचं नाव, कोथरूडमधल्या सोसायटीचा पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन क्रमांक आणि एडब्ल्यूबी सगळं एकत्र. ऑर्डरच्या पानावरचा पत्ता आणि हा पत्ता शब्दशः सारखा आहे का ते आम्ही बोट ठेवून वाचलं. इथे फ्लॅट क्रमांकात एका आकड्याचा फरक असता तरी समोरच्याला शंका घ्यायला जागा मिळाली असती.

चौथा सांधा खरा अवघड, पत्ता आणि हात. ट्रॅकिंगवर ‘सिक्युरिटी’ एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कुरिअरच्या शाखेकडे पीओडी मागितला. पीओडी म्हणजे डिलिव्हरीची सही किंवा फोटो असलेली पावती. बरोबर कंपनीच्या लेटरहेडवर डिलिव्हरीचं पत्रही मागितलं, त्यात पूर्ण पत्ता, वेळ आणि घेणारा कोण हे लिहिलेलं. ते १४ ला, ऐन संक्रांतीच्या दुपारी, ईमेलवर आलं. सही म्हणजे एक वेडीवाकडी रेघ होती, पण पत्रात पत्ता पूर्ण होता आणि ‘सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षकाकडे दिलं’ असं स्पष्ट लिहिलं होतं.

आता प्रश्न असा, की सुरक्षारक्षक हा ग्राहकाने नेमलेला माणूस धरायचा का? आपल्याकडे मोठ्या सोसायट्यांत पार्सल गेटवरच ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बँक सवयीवर निकाल देत नाही. ‘मी त्याला घ्यायला सांगितलं नव्हतं’ असं ग्राहकाने म्हटलं तर दुकानदाराचं बाजू मांडणं कठीण होतं. मी वहिनींना म्हटलं, ऑर्डरचं मूळ पान पुन्हा उघडा, संपूर्ण. त्यांनी आतापर्यंत त्याचा वरचा भागच बघितला होता. खाली स्क्रोल केल्यावर, ‘सूचना’ नावाच्या छोट्या चौकटीत ग्राहकाने स्वतः टाइप केलेली एक ओळ होती: ‘दिवसा घरी कोणी नसतं, गेटवर वॉचमनकडे ठेवा.’

वहिनी खुर्चीतून उठल्याच. तीन महिने ती ओळ तिथेच पडून होती. पार्सलवर सूचना छापली जावी म्हणून ती चौकट त्यांच्या भाच्याने वेबसाइट करताना घातली होती, आणि नंतर कोणी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

शिवाय वहिनी पहिल्याच फोनवर म्हणाल्या होत्या, ‘माझ्याशी बोललीय ती.’ ते बोलणं व्हॉट्सअपवर होतं. पार्सल पोचल्यानंतर दोन दिवसांनी, २१ ऑक्टोबरला ग्राहकाने लिहिलं होतं: ‘बुगडी किनार छानच आहे, पण अंगूरी रंग फोटोत फिका दिसला होता, हा बराच गडद आहे.’ वहिनींनी उत्तरात उजेडाचं काही सांगितलं होतं आणि संभाषण तिथेच संपलं होतं. साडी हातात घेतल्याशिवाय हे वाक्य लिहिता येत नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याहून मोठा पुरावा नव्हता. पण त्याचा स्क्रीनशॉट जसा होता तसा निरुपयोगी होता.

का ते सांगतो. वहिनींनी तो क्रमांक ‘पुणे दोन साड्या’ या नावाने सेव्ह केला होता, त्यामुळे स्क्रीनवर वर तेच नाव दिसत होतं, फोन क्रमांक नाही. वाचणाऱ्याला ते कोण हे कसं कळणार? शिवाय मेसेजच्या बाजूला फक्त वेळ होती, तारीख नव्हती. म्हणून आम्ही त्या नावावर टॅप करून क्रमांक दिसणारं पान वेगळं घेतलं. मग संभाषण थोडं वर सरकवून, मधली तारखेची पट्टी आणि मेसेज एकाच चित्रात येतील असा स्क्रीनशॉट घेतला. तोच क्रमांक ऑर्डरच्या पानावर आणि लेबलवर होता, म्हणजे माणूस तोच हे जुळलं. मेसेज मराठीत होता, म्हणून खाली त्याचं इंग्रजी भाषांतर टाइप केलं. संपूर्ण सारांशही आम्ही इंग्रजीतच पाठवला, कारण तो कोणाच्या टेबलावर जाईल हे आपल्याला माहीत नसतं. इथे तो मराठीत देतो:

> तक्रार: माल मिळाला नाही (कारण 13.1). रक्कम: ₹१३,४५०. ऑर्डर: २४१७. पेमेंटची तारीख: १४ ऑक्टोबर. कार्डाचे शेवटचे आकडे: ४०९२.
>
> दोन हातमाग साड्यांचं पार्सल १९ ऑक्टोबर रोजी दुपारी १.२० वाजता ऑर्डरमध्ये दिलेल्या पत्त्यावर पोचलं. ते ग्राहकाच्या लेखी सूचनेनुसार सोसायटीच्या सुरक्षारक्षकाकडे दिलं गेलं. २१ ऑक्टोबरला ग्राहकाने साडीच्या रंगाबद्दल आम्हाला लिहिलं, म्हणजे साड्या त्यांच्या हाती पोचल्या होत्या. आम्ही कबूल केलेली पोचण्याची शेवटची तारीख २२ ऑक्टोबर होती.
>
> पान २: पेमेंट आणि ऑर्डर. पत्ता, फोन क्रमांक आणि ‘गेटवर वॉचमनकडे ठेवा’ ही सूचना चौकटीत दाखवली आहे.
>
> पान ३: शिपिंगची नोंद आणि लेबल. ऑर्डर २४१७ आणि एडब्ल्यूबी (शेवटी ६३०८) एकत्र. पत्ता पान २ प्रमाणेच.
>
> पान ४: कुरिअरचं पत्र आणि पीओडी. एडब्ल्यूबी तोच, पूर्ण पत्ता, तारीख, वेळ, घेणारा सुरक्षारक्षक.
>
> पान ५: २१ ऑक्टोबरचा मेसेज आणि भाषांतर. पाठवणाऱ्याचा क्रमांक पान २ वरच्या क्रमांकाशी जुळतो.
>
> या व्यवहारात कोणताही परतावा दिलेला नाही. ग्राहकाने माल परत पाठवलेला नाही.

एवढंच. अकरा पानांची पाच झाली, आणि पहिलं पान वाचलं तरी निकाल देता येईल असं झालं. पत्रात कुठेही ‘खोटं’ हा शब्द नाही. वहिनींना तो हवा होता आणि त्यांचा राग मला समजतो. तेरा हजारांत विणकराची मजुरी आहे, त्यांचे महेश्वरचे फेरे आहेत. पण तो शब्द चारपैकी एकही सांधा घट्ट करत नाही. शिवाय ग्राहक खरंच प्रामाणिक असू शकतो. वॉचमन बदलला, पार्सल केबिनमध्ये विसरलं, घरातल्या दुसऱ्याच कोणी घेतलं, असंही घडतं. आरोप केला आणि तो चुकीचा निघाला तर बाकी खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

शेवटच्या दोन ओळींकडे लक्ष द्या. परतावा दिलेला नाही आणि माल परत आलेला नाही, हे लिहिलं नाही तर बँकेच्या मनात तो प्रश्न राहतो. आणि याच्याशी जोडलेली एक मोठी चूक सांगतो. चार्जबॅक आल्यावर घाबरून, किंवा ग्राहकाशी गोड बोलणं झालं म्हणून, दुकानदार वेगळा परतावा पाठवून देतो. चार्जबॅकमध्ये रक्कम आधीच वळती झालेली असते. मग पैसे दोनदा जातात आणि दुसऱ्यांदा गेलेले परत आणणं फार कटकटीचं होतं. पैसे द्यायचेच असतील तर चार्जबॅक मान्य करा, गेटवेवर तसं बटण असतं. नोटीस येण्याआधीच परतावा दिला असेल, तर मात्र परताव्याचा एआरएन लिहा. एआरएन म्हणजे त्या परताव्याला नेटवर्कमध्ये मिळालेला २३ आकडी क्रमांक, ज्यावरून ग्राहकाच्या बँकेला रक्कम शोधता येते. नुसतं ‘आम्ही रिफंड केला’ लिहून भागत नाही.

ग्राहकाशी बोलायला हरकत नाही, उलट बोलावंच. वहिनींनी फोन केला तो उचलला गेला नाही. पण समजा उचलला असता आणि ती म्हणाली असती, ‘हो हो, सापडल्या साड्या, मी बँकेला सांगते,’ तरी आम्ही उत्तर पाठवलंच असतं. ग्राहकाने तक्रार मागे घेतल्याचा निरोप बँकेच्या आतल्या वाटा पार करून मुदतीच्या आत पोचेलच असं नाही. अशा वेळी ग्राहकाकडून दोन ओळी लेखी घ्याव्यात, माल मिळाला आणि तक्रार मागे घेत आहे अशा, आणि त्याच सारांशात सगळ्यात वर लावाव्यात.

कागद पाठवतानाही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिवळ्या मार्करने खुणा करू नका. वाटेत कुठेतरी ते कागद काळे-पांढरे होतात आणि पिवळी खूण एकतर नाहीशी होते किंवा अक्षरच झाकते. काळ्या रेघेची चौकट काढा. आणि ट्रॅकिंगची किंवा व्हिडिओची लिंक देऊन भागवू नका, ती कोणी उघडत नाही असं धरून चाला. जे दाखवायचं ते पानावर छापलेलं हवं. वहिनी साड्या बांधताना व्हिडिओ काढतात. तो आम्ही लावलाच नाही, कारण साडी डब्यात गेली होती की नाही हा इथे प्रश्नच नव्हता.

१५ जानेवारीला दुपारी आम्ही उत्तर चढवलं. साधारण पाच आठवड्यांनी रक्कम पुढच्या सेटलमेंटमध्ये जमा झाली. तेव्हाच मी वहिनींना सांगितलं की हे पैसे लगेच खर्चात धरू नका. ग्राहकाच्या बँकेला उत्तर पटलं नाही तर ती प्रकरण पुन्हा पुढे नेऊ शकते, त्याला प्री-आर्बिट्रेशन म्हणतात. तिथेही नाही मिटलं तर आर्बिट्रेशन, म्हणजे नेटवर्क स्वतः निकाल देतं आणि हरणाऱ्याला शुल्क पडतं. ते शुल्क शेकडो डॉलरमध्ये असतं. तेरा हजारांच्या साड्यांसाठी तिथपर्यंत जाणं परवडत नाही. म्हणूनच पहिलंच उत्तर नीट जाणं महत्त्वाचं, पुढे सुधारायला जागा कमी आणि महाग.

प्रत्येक प्रकरण लढण्यासारखं नसतं. राजवाड्याजवळ चपलांचं दुकान असलेल्या एका ओळखीच्यांचं असंच प्रकरण माझ्याकडे आलं होतं. ग्राहकाने ऑर्डरनंतर फोन करून ‘घरी नको, ऑफिसात पाठवा’ सांगितलं, यांनी चांगुलपणाने लेबल बदललं. माल ऑफिसात पोचला, रिसेप्शनवर सहीही झाली. तक्रार आली तेव्हा ऑर्डरवर एक पत्ता आणि पीओडीवर दुसरा. पत्ता ग्राहकाने बदलायला सांगितला याचा लेखी काहीच मागमूस नव्हता, फोनवरचं बोलणं हवेत विरलं होतं. मी त्यांना मान्य करायला सांगितलं. तेव्हापासून ते पत्ता बदलायचा असेल तर ग्राहकाकडून ऑर्डरच्याच ईमेलवरून दोन ओळी मागवतात, त्याशिवाय लेबल बदलत नाहीत. तसंच ट्रॅकिंगवर ‘आरटीओ’ दिसत असेल, म्हणजे पार्सल परत तुमच्याकडेच निघालं असेल, किंवा शेवटची नोंद ‘डिलिव्हरीसाठी बाहेर पडलं’ इथेच थांबली असेल, तर ग्राहकाचं म्हणणं खरं आहे. अशा वेळी पैसे जाऊ द्यावेत आणि भरपाई कुरिअरकडे मागावी. विमा काढला नसेल तर तीही फार थोडी मिळते.

एक वेळेचा भाग राहिला. व्हिसाच्या नियमात ग्राहकाला माल मिळायला हवा होता त्या तारखेपासून १२० दिवसांपर्यंत ही तक्रार करता येते. म्हणजे दिवाळीच्या मालाची तक्रार फेब्रुवारीत येऊ शकते. तोवर कुरिअरच्या संकेतस्थळावर जुना क्रमांक टाकला तर काहीच दिसत नाही, असं बरेचदा होतं. पीओडीच्या प्रतीही शाखेत कायम राहत नाहीत. वहिनींना त्या वेळी शाखेतून पत्र मिळालं, दोन महिने उशीर झाला असता तर कदाचित मिळालं नसतं.

आता त्यांनी घरी एक पद्धत लावली आहे. रोज रात्री जेवण झाल्यावर त्या दिवशी ‘डिलिव्हर्ड’ झालेल्या प्रत्येक पार्सलचं ट्रॅकिंग पान आणि पीओडी उतरवून घेतात, आणि ऑर्डर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये लेबलशेजारी ठेवतात. दहा हजारांवरच्या ऑर्डरला कुरिअरकडून ओटीपी घेऊनच पार्सल द्यायची सोय निवडतात, त्याचे थोडे पैसे जास्त पडतात. हा ओटीपी मात्र कामाचा, कारण तो पार्सल हातात देताना विचारला जातो आणि चौथा सांधा तोच जोडतो. आणि ग्राहकाला दुसऱ्या दिवशी एक मेसेज जातो: ‘साड्या पोचल्या ना? रंग कसा वाटला?’ त्यांना ग्राहकाचं मत खरंच हवं असतं. आलेलं उत्तर, तारखेची पट्टी दिसेल असं, त्याच फोल्डरमध्ये जातं.